क्षारांनी धरून ठेवलेली गीझरची कांडी

साठवणीच्या गीझरमध्ये पोलादी टाकीच्या आत काचेसारखा मुलामा असतो आणि तापवणाऱ्या कॉइलच्या शेजारी मॅग्नेशियमची एक कांडी उभी असते. मुलाम्याला कुठे सूक्ष्म तडा गेला तर पाणी तिथे पोलाद खायला लागते. पण मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजते, म्हणून कांडी स्वतः विरत जाऊन टाकीला वाचवते. तिची मधली लोखंडी तार उघडी पडली की ती बदलायची. अडचण येते ती बदलताना. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात सहा-सात वर्षे उभी राहिलेली कांडी क्षारांच्या गोळ्यात घट्ट रुतून बसलेली असते.

पाणी तापले की त्यातले विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट विघटित होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण थर होतो. तो सर्वांत आधी कॉइलवर बसतो, कारण सगळ्यात गरम पृष्ठभाग तोच. मॅग्नेशियमच्या पृष्ठभागालगतचे पाणी अल्कधर्मी होत असल्याने तिथेही थर चढतो. दोन्ही थर वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि कॉइल व कांडी यांचा मिळून एकच गोळा होतो. आपल्याकडच्या अनेक उभ्या गीझरमध्ये कॉइल आणि कांडी टाकीच्या तळाशी एकाच प्लेटवर बसवलेली असतात, आणि ती बाहेर काढायची ती तळाच्या गोल भोकातून. गोळा भोकापेक्षा रुंद झाला की ती निघत नाही. बोल्ट सगळे निघाले तरी प्लेट बोटभर खाली येते, आतून करकर आवाज होतो आणि ती तिथेच लटकते. हीच खरी खूण. इथे जोर लावणे ही सर्वांत महागाची चूक ठरते, कारण प्लेट ओढताना कॉइल वाकते आणि स्क्रूड्रायव्हरने आतून टोचताना मुलाम्याचे कवच उडते. कवच उडालेली टाकी नवी कांडी फार काळ वाचवू शकत नाही.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. बाथरूमच्या दारावरच्या कोनाड्यात 25 लिटरचा उभा गीझर आहे. डाव्या भिंतीपासून चार बोटे अंतर, आणि खाली स्लॅबपर्यंत जेमतेम वीतभर जागा. प्लेटसकट कांडी त्यापेक्षा लांब आहे, म्हणजे क्षार नसते तरी ती जागेवर निघाली नसती. इथे कामाचे दोन भाग करावे लागतात: क्षार विरघळवणे जागेवरच आणि कांडी काढणे जमिनीवर. क्रम उलटा केला तर नुकसान होते. गोळा तळाशी असतो, म्हणून गीझर उभा असताना थोडेच द्रावण त्याला बुडवते; उतरवून उलटा केला तर गोळा वर जातो आणि तो बुडवायला टाकी काठोकाठ भरावी लागते.

आधी गीझरचा एमसीबी बंद करायचा. नुसते बाथरूममधले बटण पुरेसे नाही. टेस्टरने खात्री करून रात्रभर पाणी थंड होऊ द्यावे. पाण्याची येती लाइन बंद करून, गरम नळ उघडून टाकी रिकामी करायची. मग खालचे झाकण काढून वायरींचा फोटो घ्यायचा आणि त्या सोडवायच्या. बोल्ट थोडेच ढिले करून प्लेट लटकते का पाहायचे, आणि लटकली तर ते पुन्हा समोरासमोरच्या जोडीने आवळायचे. भिंतीजवळच्या बोल्टसाठी लांब पाना फिरत नाही. बारा कोनांचा रिंग पाना प्रत्येक वेळी फक्त तीस अंश फिरवून पुन्हा बसवता येतो, सहा कोनांच्याला साठ अंश लागतात. चार बोटांच्या फटीत हा फरक मोठा असतो. बारीक दातांचा रॅचेट त्याहूनही कमी जागेत चालतो.

आता आम्ल. किराणा दुकानात मिळणारे लिंबाचे सत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, यासाठी सोयीचे. दहा लिटर साध्या पाण्यात सहाशे ग्रॅम घालावे. गीझरखालचे दोन्ही पाइप आणि येत्या तोंडावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सोडवून, थंड पाण्याच्या तोंडाला नळी जोडायची आणि तिचे दुसरे टोक फनेल लावून गीझरपेक्षा उंच धरायचे. द्रावण आत जाते आणि हवा गरम पाण्याच्या तोंडातून बाहेर पडते, म्हणून ते तोंड सतत उघडे ठेवायचे. ओतून झाले तरी नळी उंचच बांधून ठेवायची, नाहीतर द्रावण तिच्यातून परत येते. आतून फसफस ऐकू येते: क्षार विरघळून कार्बन डायऑक्साइड निघतो. मॅग्नेशियमवर आम्लाने हायड्रोजनही निघतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको. जुनी कांडी फेकायचीच असल्याने तिचे झिजणे अडचणीचे नाही.

सहाशे ग्रॅम सत्त्व सुमारे साडेचारशे ग्रॅम क्षार विरघळवते, म्हणून मोठ्या गोळ्याला एक फेरी पुरत नाही. तीन-चार तासांत फसफस मंदावली की द्रावण काढून ताजे घालायचे. एकदाच फार दाट केले तर कॅल्शियमचे सायट्रेट पांढऱ्या गाळासारखे बसते आणि काम अडते. पातळ द्रावण बदलत राहणे उत्तम. शौचालय साफ करण्याचे तीव्र आम्ल मात्र वापरू नये: ते मॅग्नेशियम आणि पोलाद दोन्हींवर तुटून पडते. गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा क्षारांवर काहीच करत नाही, उलट त्याचा थर आम्लाला अडवतो. म्हणून आम्ल आधी, आणि गंजलेल्या नटासाठी तेल नंतर.

टाकी रिकामी करून साध्या पाण्याने धुवायची. रिकामा गीझर दोन जणांनी हुकवरून उचलून जाड गोधडीवर आडवा ठेवायचा. बोल्ट काढल्यावर प्लेट हलकेच डावी-उजवीकडे डोलवत सरळ बाहेर ओढायची. अजून अडली तर ओढायचे नाही. गीझर परत टांगून आम्लाची आणखी एक फेरी द्यायची.

बाहेर आलेल्या प्लेटवर कांडीचा बारीक स्टड आणि नट उरतो. त्याच्या आट्यांतही क्षार असतात, म्हणून सत्त्वाच्या द्रावणात भिजवलेला कापूस तासभर गुंडाळून ठेवावा, धुवून मग तेल सोडावे. पाना लावल्यावर आधी नट किंचित आवळायचा, मग सोडायचा, असे पुढे-मागे करत राहिले की आट्यांतला भुसा सुटतो. एका दमात फिरवला तर बारीक स्टड हमखास तुटतो. तुटला तर खिळखिळी जुळवाजुळव न करता कॉइलसकट नवी प्लेट घेणे शहाणपणाचे. वर्षानुवर्षे गोळ्यात शिजलेल्या कॉइलचेही फार आयुष्य उरलेले नसते.

टाकीच्या तळाशी सुटे पडलेले खपले पाण्याने धुवून काढायचे. भोकाच्या कडेवर राहिलेला थर ओल्या कापडाने आणि द्रावणाने पुसायचा, खरवडायचा नाही, कारण रबरी गॅस्केट त्याच कडेवर बसते. गॅस्केट नवेच घालावे. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळून, सेफ्टी व्हॉल्व्हसकट पाइप जोडून टाकी भरायची आणि गरम नळातून हवा न येता सलग धार येईपर्यंत वीज सुरू करायची नाही. कोरड्या टाकीत कॉइल लगेच जळते. धार आल्यावर प्लेटच्या कडेखाली कोरडा कागद तासभर धरून ठेवावा. तो कोरडा राहिला की मगच झाकण लावायचे.