‘पेपर एकदम क्लिअर’ म्हणणाऱ्या एजंटाकडे तक्रार करताना

जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेताना बहुतेकांचा विश्वास एजंटाच्या एका वाक्यावर असतो: ‘साहेब, पेपर एकदम क्लिअर आहेत.’ खरेदीखत होते, चावी मिळते, दलाली दिली जाते. मग सोसायटीकडे सभासदत्वाचा अर्ज गेला की थकबाकी बाहेर येते, आणि काही महिन्यांनी कोर्टाची नोटीसही येते. अशा वेळी लोक संतापून एजंटाला लांबलचक पत्र लिहितात, त्यात फसवणूक, पोलीस, बदनामी असे सगळे असते. एजंट त्यावर एका ओळीचे उत्तर देतो: ‘मी फक्त दोन पार्ट्यांची भेट घालून दिली, कागद तुमच्या वकिलाने बघायचे होते.’ आणि बऱ्याचदा प्रकरण तिथेच थंडावते.

तसे होऊ नये म्हणून एक फरक आधी नीट समजून घ्यावा. थकबाकी एजंटाची नसते, ती विकणाऱ्याची असते. विक्रीच्या तारखेपर्यंतचे कर आणि देणी विकणाऱ्याने फेडायची, आणि हक्कातला महत्त्वाचा दोष त्याने खरेदीदाराला सांगायचा, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम सांगते. खरेदीखतातली ‘निर्वेध, निजोखमी व बोजारहित’ ही हमीसुद्धा विकणाऱ्याचीच असते. एजंट जबाबदार असतो तो स्वतःच्या शब्दाला. करार कायद्याच्या १८ व्या कलमानुसार, हाती पुरेशी माहिती नसताना एखादी खोटी गोष्ट ठामपणे सांगणे हे चुकीचे निवेदन ठरते, सांगणाऱ्याला ती खरी वाटत असली तरीही. म्हणून तक्रारीत ‘तुम्ही लबाड आहात’ हे सिद्ध करत बसू नये. ‘तुम्ही न तपासता ठाम सांगितले’ एवढे दाखवता आले तरी तक्रार पायावर उभी राहते.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोथरूडमधला फ्लॅट ७८ लाखांना घेतला आणि एजंटाला एक टक्का म्हणजे ७८,००० रुपये दलाली बँकेतून दिली. टोकन देण्याच्या आदल्या दिवशी त्याने व्हॉट्सअॅपवर लिहिले होते, ‘पेपर क्लिअर, सोसायटीचे काही बाकी नाही.’ ताबा घेतल्यावर तीन गोष्टी कळल्या: मेंटेनन्सची १,४०,००० रुपये मूळ थकबाकी आणि त्यावरचे व्याज, ६४,००० रुपये मिळकत कर, आणि विकणाऱ्याच्या बहिणीने वडिलांच्या या फ्लॅटमधल्या हिश्श्यासाठी लावलेला वाटपाचा दावा.

या तिन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. मेंटेनन्सच्या बाबतीत एजंटाचा शब्द सरळ खोटा पडतो, कारण त्याने ‘बाकी नाही’ असे लेखी सांगितले आणि खरे काय ते सोसायटीच्या सेक्रेटरीकडून एका पत्राने कळले असते. मिळकत कराबद्दल तो वेगळे काही बोललेला नाही, फक्त ‘क्लिअर’ म्हणाला आहे. हा मुद्दा घ्यावा, पण दुसऱ्या क्रमांकावर.

खरा जड मुद्दा बहिणीच्या दाव्याचा. तो शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूलाच दिसत होता. फ्लॅट आधी वडिलांच्या नावावर होता आणि त्यांच्या मृत्यूनंतर नॉमिनी म्हणून मुलाच्या नावावर चढला होता. नॉमिनी होणे म्हणजे मालक होणे नव्हे. इतर वारसांचा हक्क त्याने संपत नाही. जुन्या सोसायट्यांत व्यवहार करणारा कोणताही एजंट अशी नोंद पाहून पहिला प्रश्न विचारतो: भावंडे किती, आणि त्यांचे नोंदवलेले हक्कसोडपत्र कुठे आहे? ते न मागता ‘क्लिअर’ म्हणणे याला मी नजरचूक मानत नाही. अर्थात हाच प्रश्न खरेदीदाराच्या वकिलाने का विचारला नाही, असे एजंट म्हणणारच, आणि भरपाई ठरताना हे त्याच्या बाजूने मोजले जाऊ शकते. दुय्यम निबंधकाकडच्या सूची दोनचा शोध घेतला होता का, दाव्याची नोटीस तिथे नोंदलेली होती का, याची उत्तरे पत्र लिहिण्याआधीच आपल्याजवळ असावीत. तशी नोटीस नोंदलेली असेल, तर दावा चालू असताना घेतलेला फ्लॅट त्या निकालाला बांधील राहतो.

पत्र दीड पानापेक्षा मोठे नको. सुरुवात त्याच्याच शब्दांनी करावी, काहीशी अशी: ‘अमुक तारखेला आपण मला लेखी कळवले की पेपर क्लिअर असून सोसायटीचे काही बाकी नाही. त्यावर विसंबून मी दुसऱ्या दिवशी टोकन दिले. सोसायटीच्या सोबतच्या पत्रानुसार त्या तारखेला १,४०,००० रुपये व व्याज बाकी होते.’ पुढे शेअर सर्टिफिकेटवरची नोंद आणि हक्कसोडपत्र न मागितल्याचा मुद्दा. शेवटी मागणी: ७८,००० रुपये दलाली परत, सोसायटीला भरावी लागलेली रक्कम विकणाऱ्याकडून वसूल करून देण्यास लेखी सहकार्य, आणि त्याने विकणाऱ्याकडून घेतलेल्या कागदांच्या प्रती. पंधरा दिवसांची मुदत द्यावी. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे. मूळ चॅट फोनमधून पुसू नये. नुसता स्क्रीनशॉट पुराव्यात कमी पडतो.

सोसायटीची थकबाकी मात्र या भांडणात अडकवून ठेवू नये. उपविधींप्रमाणे तिच्यावर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकते. १,४०,००० रुपयांवर ते वर्षाला २९,४०० रुपये होते. ‘वसुलीचा हक्क राखून भरत आहे’ असे लिहून रक्कम भरावी, पावती घ्यावी आणि ती विकणाऱ्याकडून वसूल करावी. विकणाऱ्याला त्यासाठी स्वतंत्र नोटीस जायला हवी. बहिणीच्या दाव्यात वकिलामार्फत हजर व्हावे लागते. त्याला एजंटावरची तक्रार हा पर्याय नाही.

एजंटाने दाद दिली नाही तर पुढे कुठे जायचे? पुष्कळ जण लगेच महारेराचे नाव घेतात. तिथे एजंटाने खोटे निवेदन करणे हा अनुचित व्यवहार मानला जातो आणि दिवसाला १०,००० रुपये, कमाल सदनिकेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण हा दंड सरकारजमा होतो, आणि कायद्यातली एजंटाची व्याख्या रेराच्या प्रकल्पातल्या व्यवहारापुरती आहे. तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतल्या फेरविक्रीला तिथे बहुधा दार बंदच मिळते. अशा वेळी जिल्हा ग्राहक आयोग अधिक उपयोगी. दलाली देऊन घेतलेली सेवा सदोष होती, ही तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिला फी नाही. मात्र दलाली दिल्याचा पुरावा लागतो. रोख दिली आणि पावती घेतली नाही, तर पहिलाच अडथळा तिथे येतो. पोलिसांत जायचे तर एजंटाला दावा आधीपासून माहीत होता हे दाखवावे लागेल, आणि तेवढा पुरावा हाती फार क्वचित असतो.

आयोगाकडून दलाली परत आणि त्रासापोटी काही भरपाई, एवढी अपेक्षा वास्तव आहे. फ्लॅटची किंमत एजंटाकडून मिळेल असे धरून चालू नये. आणि तारखांकडे लक्ष ठेवा: ग्राहक आयोगात जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि एजंट ‘बघतो, मिटवून देतो’ म्हणत राहिला तरी ती थांबत नाही.