टोलच्या रस्त्यावर भागधारकाच्या हाती काय उरते?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि शेजारचा जुना महामार्ग यांवरचा टोल वसूल करण्याचा सुमारे दहा वर्षांचा हक्क २०२० साली आयआरबी या कंपनीकडे गेला. त्यासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला द्यायची रक्कम ठरली ८,२६२ कोटी रुपये. मुदत संपते एप्रिल २०३० मध्ये. त्यानंतर त्या टोलवर कंपनीचा हक्क नाही.

अशा सौद्यात दोन वेगळे प्रश्न असतात. हा टोलहक्क एकूण किती रुपयांचा, हा पहिला. आणि बँकांचे देणे भागवल्यावर मालकांच्या, म्हणजे भागधारकांच्या वाट्याला जे येते ते आज किती रुपयांचे, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला थेट हात घालणारी पद्धत म्हणजे ‘फ्लो टू इक्विटी’. कल्पना साधी आहे. दरवर्षी भागधारकांसाठी खरोखर उरणारी रोख तेवढी वेगळी काढायची आणि भागधारकांना अपेक्षित असलेल्या परताव्याच्या दराने, म्हणजे ‘कॉस्ट ऑफ इक्विटी’ने, तिचे आजचे मूल्य काढायचे. अवघड भाग आहे तो या दराचा.

आधी रोख पाहू. टोलच्या धंद्यात ती ओळखणे तुलनेने सोपे, कारण पैसा कोणत्या क्रमाने वाटायचा हे करारातच लिहिलेले असते. वसूल झालेला टोल एका एस्क्रो खात्यात जमा होतो. त्यातून आधी कर, मग रस्त्याची देखभाल आणि चालवण्याचा खर्च, मग सरकारी देणी, मग बँकेचे व्याज आणि मुद्दल, मग राखीव निधी. या सगळ्यांतून उरेल ते भागधारकांचे. ही रक्कम नफ्यापेक्षा वेगळी असते. ताळेबंदात नफा दिसत असतानाही मुद्दलाचे हप्ते सगळी रोख गिळू शकतात. उलट हक्काच्या किमतीची दरवर्षीची घट मांडल्यामुळे कागदावर तोटा दिसतो आणि खात्यात मात्र पैसा असतो. या पद्धतीला फक्त रोख कळते.

आता एक हिशेब करू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. एका टोल रस्त्याचा हक्क दहा वर्षांचा आहे आणि खर्च वजा जाता त्यातून दरवर्षी २० कोटी रुपये मिळतात. कर बाजूला ठेवू. कर्ज अजिबात नसते तर वाहतूक कमी-जास्त होण्याची जोखीम धरून गुंतवणूकदाराने १५ टक्के परतावा मागितला असता. त्या दराने दहा वर्षांच्या रोखीचे आजचे मूल्य साधारण १०० कोटी ४० लाख होते. या रस्त्यावर ७० कोटींचे कर्ज आहे, व्याज १० टक्के, आणि मुद्दल सात वर्षांत दरवर्षी १० कोटी असे फेडायचे आहे.

पहिल्या वर्षी व्याज ७ कोटी, मुद्दल १० कोटी. २० कोटींतून भागधारकांना उरले ३. पुढच्या वर्षी व्याज एक कोटीने घटते, म्हणून ४ उरतात, मग ५, आणि असे चढत सातव्या वर्षी ९ कोटी. आठव्या वर्षी कर्ज संपलेले असते आणि शेवटची तीन वर्षे पूर्ण २० कोटी भागधारकांचे. म्हणजे भागधारकाची खरी कमाई शेवटी आहे. सुरुवातीची सात वर्षे तो मुख्यतः बँकेसाठी टोल गोळा करतो.

ही रोख कोणत्या दराने आजच्या किमतीत आणायची? भागधारक रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो. वाहतूक दहा टक्क्यांनी घटली आणि २० कोटींचे १८ झाले, तरी बँकेला तिचे १७ कोटी मिळतातच. भागधारकाचे मात्र ३ कोटींचे १ होते. रस्त्याचे उत्पन्न दहा टक्के घटले आणि मालकाचे दोन-तृतीयांश गेले. एवढी जोखीम १५ टक्क्यांत कोण घेईल?

नेमका किती जास्त परतावा मागायला हवा, याचा नियम फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ साली मांडला. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले, मोदिग्लियानींना १९८५ मध्ये आणि मिलर यांना १९९० मध्ये. कर सोडून दिला तर नियम असा: प्रकल्पाचा मूळ दर आणि व्याजदर यांतला फरक घ्या. त्याला कर्ज आणि भागधारकांच्या हिश्श्याचे मूल्य यांच्या गुणोत्तराने गुणा. येईल तो आकडा मूळ दरात मिळवा. आपल्या उदाहरणात १०० कोटी ४० लाखांतून ७० कोटींचे कर्ज गेले की भागधारकांचा हिस्सा राहतो ३० कोटी ४० लाख. कर्ज त्याच्या २.३ पट. दरांतला फरक ५ टक्के. म्हणून पहिल्या वर्षासाठी भागधारकाचा दर १५ अधिक ११.५, म्हणजे सुमारे साडेसव्वीस टक्के.

इथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात. इथून पुढे घसरगुंडी आहे.

साडेसव्वीस टक्के हा पहिल्या वर्षाचा दर आहे, कारण त्या वर्षी कर्ज ७० कोटी आहे. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कर्ज ६० कोटी राहते, भागधारकांचा हिस्सा ३५ कोटींवर जातो आणि दर साडेतेवीस टक्क्यांवर येतो. मग सव्वाएकवीस, मग साडेएकोणीस, असे उतरत आठव्या वर्षी पुन्हा १५. कर्ज फिटले की भागधारक आणि रस्ता यांची जोखीम एकच. या उतरत्या दरांनी हिशेब केला तर भागधारकांच्या हिश्श्याचे मूल्य येते ३० कोटी ४० लाख. १०० कोटी ४० लाखांतून ७० कोटी वजा करून आले होते तेच. दोन वाटांनी एकच उत्तर आले, म्हणजे हिशेबात चूक नाही.

आता तीच रोख दहाही वर्षे साडेसव्वीस टक्क्यांनी मोजा. उत्तर येते सुमारे २३ कोटी. एक-चतुर्थांश मूल्य नाहीसे झाले, कारण शेवटच्या तीन वर्षांच्या घसघशीत २० कोटींवर आपण त्या वर्षी नसलेल्या कर्जाची जोखीम लादली. उलट चूकही तितकीच सोपी. भागधारकांची रोख घ्यायची आणि दर मात्र पूर्ण रस्त्याचा, १५ टक्के, लावायचा. मग उत्तर येते जवळजवळ ४० कोटी. रस्ता तोच, रोख तीच, एका रुपयाचाही फरक नाही, आणि किंमत २३, ३० किंवा ४० कोटी. विकणाऱ्याला यातला कोणता आकडा आवडेल हे सांगायला नको.

यात एक पेच आहे. दर काढायला भागधारकांच्या हिश्श्याचे मूल्य लागते आणि ते मूल्य काढायला दर लागतो. कामाची रीत अशी की शेवटाकडून मागे यायचे. शेवटच्या तीन वर्षांत कर्ज नाही, म्हणून १५ टक्के दर पक्का. त्यावरून सातव्या वर्षाअखेरचे मूल्य निघते, सुमारे ४५ कोटी ७० लाख. मग एकेक वर्ष मागे सरकत, त्या-त्या वेळचे शिल्लक कर्ज धरून पुढचा दर आणि मूल्य काढायचे. एक्सेलच्या पानावर हे दहा ओळींचे काम आहे. ते टाळण्यासाठी सगळ्या रकान्यांना एकच दर लावला जातो. मला तो आळस वाटतो.

दुसरा सापळा नव्या कर्जाचा. या पद्धतीत घेतलेले कर्ज त्या वर्षीची भागधारकांची रोख वाढवते, आणि ते बरोबरच आहे, कारण तो पैसा खरोखर त्यांना वाटता येतो. समजा आठव्या वर्षाअखेर आपल्या कंपनीने १५ कोटींचे नवे कर्ज घेऊन भागधारकांना वाटले आणि दहाव्या वर्षाअखेर ते १० टक्के व्याजासह फेडले. दर १५ टक्केच ठेवला तर त्या वर्षाच्या हिशेबात हिश्श्याचे मूल्य जवळजवळ सव्वा कोटीने वाढलेले दिसते. एक गाडी जास्त धावली नाही, टोलचा दर वाढला नाही, तरी किंमत वाढली! वाढ खोटी आहे. कर्ज घेतल्याक्षणी भागधारकांची जोखीम वाढली आणि दरही वाढायला हवा होता. एखाद्या वर्षी भागधारकांची रोख एकदम उसळलेली दिसली, तर ती धंद्यातून आली की बँकेतून, हे आधी पाहावे.

मग ही पद्धत वापरावी कुठे? कर्ज आणि मालकी यांचे प्रमाण साधारण कायम राखणाऱ्या कंपनीत ती निर्धास्तपणे चालते, कारण तिथे दर वर्षागणिक बदलत नाही. बँकांसाठी तर हीच नैसर्गिक. ठेवी हा बँकेचा कच्चा माल आहे. त्या कर्ज समजून बाजूला काढायच्या आणि ‘कर्जाआधीची रोख’ मोजायची, याला बँकेत अर्थच उरत नाही. पण टोल रस्त्यासारख्या प्रकल्पात, जिथे कर्ज ठरलेल्या हप्त्यांनी शून्यावर येते, तिथे मी आधी पूर्ण रस्त्याचे मूल्य काढून त्यातून कर्ज वजा करीन. प्रत्यक्षात व्याजावर करात मिळणारी सूट त्यात वेगळी मिळवावी लागेल. भागधारकांच्या रोखीचा हिशेब नंतर, पडताळणीसाठी.

एखाद्या पायाभूत प्रकल्पाच्या कंपनीत किंवा इन्व्हिटमध्ये पैसे घालण्याआधी मूल्यांकनाचा तक्ता हाती आला, तर दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवून वाचा: शिल्लक कर्जाची आणि दराची. कर्जाची ओळ दरवर्षी उतरत असेल आणि भागधारकांच्या रोखीला लावलेला दर पहिल्यापासून शेवटपर्यंत जागचा हलत नसेल, तर तो तक्ता देणाऱ्याला कारण विचारा, आणि पटणारे उत्तर मिळेपर्यंत खालच्या किमतीवर विश्वास ठेवू नका.