किती लांबीचा तडा चालेल?

२२ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात, नेलिस हवाई तळावरून सरावाला निघालेल्या एफ-१११ या लढाऊ विमानाचा डावा पंख हवेतच निखळला. आतले दोघेही दगावले. विमान जेमतेम शंभर तास उडालेलं. पंख ज्या बिजागरीवर फिरतो तिचं पोलाद अत्यंत बळकट होतं. पण घडाईच्या वेळीच तिच्यात एक तडा राहून गेला होता आणि तपासणीत तो कुणाला सापडला नव्हता. उड्डाणांत तो किंचितच वाढला आणि एका क्षणी आरपार गेला.

बळकट पोलाद असं का तुटावं? एक रुंद पत्रा दोन्ही टोकांनी ओढला जातोय आणि त्याच्या मधोमध, ओढीला आडवा असा आरपार तडा आहे, असं समजा. तड्यातून ओढ पुढे जाऊ शकत नाही. तिला टोकांना वळसा घालावा लागतो, म्हणून टोकांपाशी ताणाची गर्दी होते. ही गर्दी मोजणारं सूत्र लहानसं आहे:

K = σ√(πa)

σ म्हणजे तड्यापासून दूर, पत्र्यावर असलेला ताण. a म्हणजे तड्याची अर्धी लांबी. हा ‘अर्धी’ शब्द विसरला की उत्तर दुपटीने चुकतं. K वाढत वाढत त्या धातूच्या ठरावीक मर्यादेला पोचला की तडा धावत सुटतो. या मर्यादेला फ्रॅक्चर टफनेस म्हणतात. आपण तिला चिवटपणा म्हणू.

तडा ठरावीक लांबीनंतरच का धावतो, याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२०च्या सुमारास काचेवर प्रयोग करून दिलं. तडा लांबला की त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग सैलावतो आणि त्यात साठलेली ऊर्जा सुटते. ही सुटका लांबीच्या वर्गाने वाढते. नवा पृष्ठभाग फाडायला लागणारी ऊर्जा मात्र लांबीच्याच प्रमाणात वाढते. म्हणून लहान तड्याला वाढीचा खर्च परवडत नाही. एका लांबीपुढे मात्र जमा खर्चाहून जास्त होते आणि बाहेरून आणखी ओढायची गरजच उरत नाही. हीच घातक लांबी. धातूत टोकापाशी पोलाद आधी ताणलं जातं आणि त्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते. चिवटपणा मुख्यत्वे तिथून येतो.

आता हिशेब करू. ४३४० हे यंत्रांत नेहमी वापरलं जाणारं मिश्रपोलाद. ते लालभडक करून तेलात विझवतात आणि पुन्हा माफक तापवतात. दुसऱ्यांदा २६० अंशांपर्यंत तापवलं, तर ते सुमारे १६४० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचं ताणलं जात नाही. त्याचा चिवटपणा मेगापास्कल-वर्गमूळ मीटर या एककात ५० भरतो. तेच ४२५ अंशांपर्यंत तापवलं, तर बळ १४२० वर उतरतं, पण चिवटपणा ८७ वर चढतो. दोन्ही पत्र्यांवर त्यांच्या बळाच्या निम्मा ताण ठेवू, म्हणजे ८२० आणि ७१०. सूत्र उलटवलं की पहिल्यात घातक तड्याची पूर्ण लांबी सुमारे २.४ मिलिमीटर येते, दुसऱ्यात साडेनऊ. बळात थोडी माघार घेतली आणि चौपट लांबीचा तडा सोसण्याची ऐपत मिळाली. अडीच मिलिमीटरचा तडा रंगाखाली किंवा बोल्टच्या डोक्याआड सहज लपतो. साडेनऊचा दिसण्याची शक्यता कितीतरी अधिक.

सूत्रात ‘रुंद’ या शब्दाला अर्थ आहे. तडा पत्र्याच्या रुंदीचा पाव भाग व्यापत असला, तरी चूक चारेक टक्क्यांचीच होते; त्यापुढे मात्र दुरुस्ती लागते. जाडीचंही तसंच. पातळ पत्र्यात टोकापाशी धातूला जाडीच्या दिशेने आकसायला वाव मिळतो, म्हणून तो जास्त चिवट वागतो. वरचे आकडे सेंटिमीटरभर किंवा त्याहून जाड पत्र्यासाठी धरावेत.

एफ-१११च्या अपघातानंतर हाच हिशेब उलट्या बाजूने वापरला गेला. प्रत्येक विमान उणे ४० अंशांपर्यंत थंड करून पंखांवर जबर भार दिला जाई. थंडीत हे पोलाद कमी चिवट होतं, म्हणजे घातक लांबी आखडते. घातक तडा असलाच तर तो भाग जमिनीवरच तुटे. विमान टिकलं, तर आतला तडा त्या आखडलेल्या लांबीहून लहान आहे, हे तो न दिसताही सिद्ध होई. नेहमीच्या तापमानाला आणि भाराला घातक लांबी त्याहून मोठी असते. या दोन लांबींमधलं अंतर कापायला तड्याला किती उड्डाणं लागतील, ते मोजून पुढच्या चाचणीची मुदत ठरवली जाई.