बल्ब लागला, पण अर्थिंगचं काय?

कोकणातल्या जांभ्यावरच्या घरात अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात हाडासारखा सुकलेला असतो. वायरमन येतो, होल्डरला लावलेल्या बल्बचं एक टोक फेजला आणि दुसरं अर्थला टेकवतो. बल्ब लख्ख पेटतो. घरमालक निर्धास्त होतो.

तो पेटलेला बल्ब फारसं काही सांगत नाही. 100 वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, आणि तेवढा करंट नादुरुस्त खड्ड्यातूनही सहज जातो. समजा, खड्ड्याचा रोध 40 ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा 2. फ्रिजच्या आत फेजची वायर बॉडीला चिकटली, तर 230 भागिले 42, म्हणजे जेमतेम साडेपाच अँपिअर करंट जमिनीत जाईल. 16 अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही, आणि फ्रिजच्या दाराच्या मुठीवर दोनशेहून जास्त व्होल्ट तसेच राहतील.

खरा आकडा कळतो तो अर्थ टेस्टरवर. हे काम वायरमनचंच. तो मेन स्विच बंद करून बोर्डाकडे जाणारी अर्थची वायर सोडवतो आणि टेस्टरला जोडतो. मग खड्ड्यापासून साधारण 30 मीटरवर एक खुंटी ठोकतो आणि त्याच रेषेत साडेअठरा मीटरवर दुसरी. ही मधली खुंटी दोन-तीन मीटर पुढे-मागे सरकवूनही आकडा जवळपास तोच आला, तर तो विश्वासाचा. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या मातीमुळे आकडा उतरतो. म्हणून मोजणी कोरड्या मेमध्येच करायची. घरासाठी 5 ओहमच्या आत असलेला बरा.

वायरच्या टोकाला 40 आणि थेट पाइपाला 12 आले, तर दोष जोडात आहे. गंजलेला नटबोल्ट काढायचा, पाइपाची कड घासून चकचकीत करायची, नवा जीआय बोल्ट आवळून वर ग्रीस लावायचं. मग नरसाळ्यातून दोन-तीन बादल्या पाणी सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. मीठ ओतल्यावर आकडा खाली येतो खरा, पण मीठ लोखंडी पाइप खातं आणि पावसात वाहून जातं. अडीच मीटरचा पाइप असेल, तर पाच मीटरवर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडल्यास रोध जवळपास निम्म्यावर येतो.

एवढं करूनही, 4 ओहमवर त्या फ्रिजच्या बिघाडात करंट 38 अँपिअरच होतो. तेवढ्यावर एमसीबी क्षणात पडत नाही. तो तापून पडायला वेळ घेतो. म्हणून जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतोच. मात्र त्याचं ‘टेस्ट’ बटण दाबून अर्थिंग तपासल्याचं समाधान मानता येत नाही. ते बटण फेज आणि न्यूट्रलवरच चालतं. अर्थची वायर तुटलेली असली तरी आरसीसीबी खटकन पडतो.