हृदयाला रक्त मिळतं ते विश्रांतीत

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात प्राणवायूने भरलेलं ताजं रक्त सदैव खेळत असतं, पण त्या कप्प्याच्या भिंतीला त्याचा जवळपास काहीच उपयोग नसतो. सेंटिमीटरभर जाडीच्या त्या स्नायूत आतल्या रक्तातून प्राणवायू झिरपतो तो अगदी वरवरच्या पापुद्र्यापुरता. बाकीच्या भिंतीला रक्त बाहेरून आणावं लागतं. महाधमनी जिथे हृदयातून निघते, तिथेच दोन कोरोनरी धमन्या फुटतात, हृदयाच्या पृष्ठभागावर पसरतात आणि तिथून त्यांच्या बारीक फांद्या स्नायूत काटकोनात शिरतात. शरीराला जे रक्त जातं त्यातला साधारण विसावा भाग, म्हणजे मिनिटाला पाव लीटरच्या आसपास, असा हृदयाच्या वाट्याला येतो.

अडचण या रचनेतच आहे. स्नायू आवळला की त्याच्या पोटातून जाणाऱ्या या फांद्याही आवळल्या जातात. पाणी सोडलेल्या रबरी नळीवर कुणी पाय द्यावा, तसं हे होतं. डावा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या आतला दाब १२० च्या घरात जातो. महाधमनीतला दाबही त्या क्षणी तेवढाच असतो. म्हणजे रक्त आत ढकलणारा जोर आणि वाट दाबून धरणारा जोर सारखेच. भिंतीच्या आतल्या थरात तर दाबणारा जोरच वरचढ ठरतो आणि तिथला प्रवाह जवळजवळ थांबतो. स्नायू सैल पडला, कप्प्यातला दाब दहाच्या आसपास उतरला, की मग महाधमनीत शिल्लक असलेल्या ८० च्या दाबाने रक्त आत शिरतं. डाव्या कप्प्याला मिळणाऱ्या रक्तापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास रक्त असं प्रसरणाच्या, म्हणजे विश्रांतीच्या काळात येतं. उजव्या कप्प्याचं तसं नाही. त्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त ढकलायचं असतं, त्याचा दाब कमी राहतो, त्यामुळे त्याला दोन्ही वेळा रक्त मिळतं. दंड भोगावा लागतो तो जास्त कष्ट करणाऱ्या डाव्यालाच.

आकुंचनात हृदयाच्या धमन्या दबत असाव्यात, हा तर्क स्कारामुच्ची या इटालियन वैद्याने १६९५ मध्येच मांडला होता. पुरावा मिळायला मात्र अडीच शतकं गेली. १९५७ मध्ये डेव्हिड सॅबिस्टन आणि डोनाल्ड ग्रेग यांनी कुत्र्यांच्या कोरोनरी धमनीत रक्ताचा दाब कायम ठेवला आणि नसेला उत्तेजना देऊन हृदयाचे ठोके थोडा वेळ थांबवले. हृदय थांबलं तशी त्याला मिळणाऱ्या रक्ताची धार वाढली. ठोका हाच हृदयाच्या रक्तपुरवठ्यातला अडथळा असतो, हे त्यातून उघड झालं.

आता वेळेचा हिशेब. नाडी मिनिटाला ७५ असेल तर एका ठोक्याचं चक्र ०.८ सेकंदाचं. त्यातली ०.२७ सेकंदं आकुंचनाची आणि ०.५३ विश्रांतीची. नाडी २०० वर गेली की चक्र ०.३ सेकंदाचं होतं. त्यात आकुंचन ०.१६ आणि विश्रांती ०.१४. कात्री कुठे लागली ते बघा. आकुंचन चाळीस टक्क्यांनी आखूड झालं, तर विश्रांती जवळपास पाऊणपट गेली. दर मिनिटाचा हिशेब केला तर ७५ च्या नाडीला स्नायूला रक्त घेण्यासाठी चाळीस सेकंदं मिळत होती, २०० ला उरली अठ्ठावीस. आणि त्याच मिनिटात त्याचं काम मात्र अनेक पटींनी वाढलेलं. प्रत्येक ठोक्याला प्राणवायू खर्च होतोच.

दुसऱ्या एखाद्या स्नायूला अशा वेळी एक पळवाट असते. रक्त कमी आलं तर आलेल्या रक्तातून जास्त प्राणवायू खेचून घ्यायचा. एरवी शरीर धमनीतल्या प्राणवायूपैकी सुमारे पाव हिस्साच वापरतं, बाकीचा परत जातो. हृदयाने मात्र ही पुंजी आधीच मोडलेली असते. अगदी आराम करतानाही ते सत्तर टक्क्यांहून अधिक प्राणवायू काढून घेतं. त्यामुळे गरज वाढली की त्याला जास्त रक्तच हवं असतं, दुसरा इलाज नसतो.

मग टेकडी धावत चढणाऱ्या पंचविशीतल्या मुलाची नाडी १८० वर जाते, तेव्हा त्याचं हृदय उपाशी कसं राहत नाही? कारण निरोगी हृदयाच्या बारीक धमन्या गरजेप्रमाणे रुंदावतात आणि प्रवाह चार-पाचपट वाढवू शकतात. वेळ घटली तरी त्या वेळात येणारी धार इतकी मोठी होते की तूट जाणवतच नाही. त्यामुळे नाडी वेगाने पळणं हे सरसकट धोक्याचं नाही. धोका आहे तो ही राखीव ताकद आधीच खर्ची पडलेल्यांना. कोरोनरी धमनीचा व्यास निम्म्याहून जास्त अरुंद झाला की धार वाढवण्याची क्षमता घटू लागते. आरामात बसलेल्या माणसाला मात्र धमनी ८५-९० टक्के बुजेपर्यंत काही कळत नाही, कारण पलीकडच्या बारीक धमन्या आधीच रुंदावून तूट भरून काढत असतात. राखीव साठा इथे गुपचूप वापरला जातो.

नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ. बहात्तर वर्षांच्या एक आजी न्हाणीघरात घसरतात आणि खुब्याचं हाड मोडतं. रक्तदाबाचा त्रास वीस वर्षांचा, त्यामुळे डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठर झालेली. एक कोरोनरी धमनी अरुंद आहे, पण गुडघ्यांमुळे त्या जिने चढतच नव्हत्या, म्हणून छातीत कधी दुखलंच नाही. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते. दुसऱ्या दिवशी नाडी १३०, रक्तदाब १०० वर ५०, हिमोग्लोबिन बारावरून आठवर आलेलं. आजी म्हणतात, ‘थोडं गळून गेल्यासारखं वाटतंय, बाकी काही नाही.’

हृदयाच्या बाजूने हिशेब मांडला तर चित्र वेगळं दिसतं. एरवी रक्त आत ढकलणारा जोर म्हणजे रक्तदाबाचा खालचा आकडा ८० वजा कप्प्यातला विश्रांतीचा दाब १०, म्हणजे ७०. आज खालचा आकडा ५० आहे आणि ताठर कप्पा नीट सैल पडत नसल्याने त्यातला दाब २० आहे. उरले ३०. विश्रांतीची सेकंदं मिनिटाला चाळिसावरून बत्तिसाच्या आसपास आली. जोर आणि वेळ यांचा गुणाकार केला तर तेव्हा २,८०० आणि आता ९६०, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. शिवाय जे रक्त पोचतं त्यात प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता दोन तृतीयांशच. ती धरली तर पुरवठ्याची मर्यादा एरवीच्या पावपटीच्याही खाली येते. ठोके मात्र पावणेदोनपट. हा अंदाजी हिशेब आहे, पण त्यामागची कल्पना पक्की आहे. जेराल्ड बकबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये याच धर्तीचं गुणोत्तर मांडलं आणि धमन्यांत कुठेही अडथळा नसतानासुद्धा हे गुणोत्तर बिघडलं की भिंतीचा आतला थर उपाशी पडतो, हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं.

आतलाच थर का? तो सर्वात जास्त दाबला जातो, रक्त त्याच्यापर्यंत सर्वात शेवटी पोचतं आणि म्हणून विश्रांतीच्या काळावर त्याची भिस्त सर्वात जास्त. ईसीजीत याची खूण दिसते. एक धमनी गुठळीने पूर्ण बंद झाली की एसटी रेषा वर उचलली जाते. आतला थर असा उपाशी राहिला की ती बहुधा अनेक जागी खाली दबते. रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं सापडतं. २००७ पासून अशा झटक्याला ‘टाइप २’ असं वेगळं नाव आहे: ताजी गुठळी नाही, पण गरज आणि पुरवठा यांचा मेळ तुटलेला.

खरी पंचाईत अशी की रुग्ण तक्रार करत नाही. वेदनाशामकांच्या गुंगीत छातीतलं दुखणं जाणवतच नाही. हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रियांनंतर झटका आलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणांना काहीच लक्षण जाणवलं नव्हतं, आणि बहुतेक झटके पहिल्या ४८ तासांतले होते. ही माहिती ‘पॉइज’ नावाच्या अभ्यासातली. त्याचा मूळ प्रश्न मात्र वेगळा होता आणि त्याचं उत्तर आजींच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

प्रश्न साधा होता. वेगवान नाडी हृदयाला उपाशी ठेवते, तर शस्त्रक्रियेच्या वेळी सगळ्यांना नाडी मंदावणारी गोळी का देऊ नये? त्याआधी १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल तयार केलं होतं ते अशाच विचाराने: रक्त वाढवता येत नसेल तर हृदयाची मागणी घटवू या. ती बीटा ब्लॉकर औषधं छातीच्या दुखण्यावर इतकी गुणकारी ठरली की १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅक यांचा वाटा होता. ‘पॉइज’मध्ये २३ देशांतल्या आठ हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना त्याच जातीचं मेटोप्रोलॉल शस्त्रक्रियेच्या काही तास आधी सुरू केलं. निकाल २००८ मध्ये आले. हृदयाचे झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले, १०० मागे ५.७ वरून ४.२ वर. पण मृत्यू २.३ वरून ३.१ वर गेले आणि पक्षाघात दुप्पट झाले.

कारण आजींच्या आकड्यांतच आहे. त्यांची नाडी १३० वर उगाच गेलेली नाही. रक्त गेलं, दाब उतरला, म्हणून मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत रक्त पोचवण्यासाठी हृदयाने वेग वाढवला. तो वेग औषधाने बळजबरीने उतरवला तर विश्रांतीची सेकंदं वाढतात खरी, पण रक्तदाबाचा खालचा आकडा आणखी घसरतो आणि गुणाकारातली दुसरी संख्या ढासळते. म्हणून सुज्ञ भूलतज्ज्ञ आधी नाडी का वाढली ते शोधतो: रक्तस्राव, दुखणं, ताप, जंतुसंसर्ग, फुप्फुसात अडकलेली गुठळी, की अनियमित लय. रक्त कमी असेल तर रक्त चढवतो, दुखत असेल तर दुखणं थांबवतो. नाडी बहुधा आपोआप उतरते. दोष हृदयाच्या लयीतच असेल, कर्णिका थरथरत असल्याने ठोके १५० वर पळत असतील, तर गोष्ट निराळी. तिथे वेग हाच रोग असतो आणि तोच उतरवावा लागतो.

घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर भुलीच्या तपासणीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. बीटा ब्लॉकर आधीपासून चालू असेल तर ‘उपाशीपोटी कशाला’ म्हणून ती स्वतःहून बंद करू नये. एकदम बंद केली तर नाडी उसळी मारते. सहसा ती शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात, पण ते भूलतज्ज्ञाला विचारूनच. चालू नसेल तर आदल्या दिवशी कुणाच्या सल्ल्यावरून सुरू करू नये. आणि शस्त्रक्रियेनंतर माणूस आडवा, शांत पडलेला असताना नाडी तासभर ११०-१२० च्या वर दिसत असेल, तर ‘दुखत नाहीये ना’ एवढ्यावर समाधान मानू नका. नर्सला बोलावून ईसीजी काढायला सांगा.