उभ्या आरशाचा आधार

जाड लाकडी चौकटीचा पाच फुटी आरसा भिंतीला नुसता टेकवून ठेवण्याची पद्धत आता अनेक घरांत दिसते. खिळा नको, ड्रिल नको, हवा तिथे हलवता येतो. त्याचं वजन चौकटीसकट बारा किलोच्या आसपास असतं, त्यामुळे तो भक्कम वाटतो. पण त्याचा पाय भिंतीपासून वीस सेंटिमीटरवर असेल, तर त्याचा तोल पायाच्या मागे जेमतेम दहा सेंटिमीटरवर असतो. अशा आरशाची चौकट जमिनीपासून तीन फुटांवर धरून पुढे ओढली, तर सव्वा किलोच्या आसपासचा जोर त्याला भिंतीपासून सोडवायला पुरतो. उभं राहण्यासाठी चौकटीला धरणारं लहान मूल याहून जास्त जोर लावतं. आरसा जसजसा सरळ होत जातो, तसतसा लागणारा जोर आणखी कमी होतो आणि मग सगळं वजन पुढे येतं.

पाय भिंतीपासून लांब नेला, तर आरसा पुढे पडण्याचा धोका कमी होतो, पण पाय घसरण्याचा वाढतो. गुळगुळीत टाइलवर, त्यातही फरशी ओली असताना, तो सरकायला वेळ लागत नाही. म्हणजे टेकवलेल्या आरशाला सुरक्षित असं अंतरच नसतं. तो टेकवूनच ठेवायचा असेल, तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांना पट्टी किंवा अँगल लावून तो भिंतीशी स्क्रूने बांधायचा आणि पायाखाली रबर लावायचं. नायलॉनचा पट्टा वापरलात तर तो ताणलेला हवा. ढिला पट्टा आरशाला आधी वेग घेऊ देतो आणि मग एकदम हिसका खातो.

मुळात आरसा जमिनीपर्यंत असण्याची गरज नसते. सरळ उभ्या आरशात डोक्यापासून पायापर्यंत दिसण्यासाठी आपल्या उंचीच्या निम्मी काच पुरते आणि लांब किंवा जवळ उभं राहिल्याने यात फरक पडत नाही. वरची कड डोळे आणि टाळू यांच्या मधोमध हवी, खालची कड डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर. समजा, घरात सर्वांत उंच माणूस १७३ सेंटिमीटरचा आहे आणि सर्वांत लहान मूल १०७ सेंटिमीटरचं. मोठ्या माणसाचे डोळे साधारण १६२ वर, म्हणून वरची कड १६८ च्या आसपास. मुलाचे डोळे ९७ वर, म्हणून खालची कड ४८ वर. या घराला जमिनीपासून दीड फुटावर सुरू होऊन साडेपाच फुटांवर संपणारा, म्हणजे चार फुटांचा आरसा पुरतो. साडीचा पदर, ओढणी किंवा हात पसरून बाही बघायची असेल, तर दीड फूट रुंदी सोयीची पडते. जमिनीपासून वर गेलेल्या आरशाला फरशी पुसतानाचं पाणी आणि झाडूचे धक्केही लागत नाहीत.

आता काच. एक चौरस फूट काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला पाव किलोहून थोडं कमी भरतं. आपला आरसा सहा चौरस फुटांचा. तो ५ मिलिमीटरचा घेतला तर काच सात किलोची, ४ मिलिमीटरचा घेतला तर साडेपाचच्या थोडी वर. भिंतीवर चौकटीत बसवायला ५ मिलिमीटर चांगली, कारण एवढ्या उंचीची पातळ काच किंचित वाकते आणि प्रतिमा लांबट किंवा बसकी दिसते. दुकानात हे ओळखायचं असेल, तर खिडकीची किंवा दाराची सरळ कड आरशात बघत हळूहळू बाजूला सरका. कड लहरत असेल, तर काच वाकलेली आहे. चौकटीत जाडी दिसत नाही, तेव्हा पेनचं टोक काचेला टेकवा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसते आणि काच जितकी जाड, तितकी ही फट मोठी. शेजारच्या, जाडी माहीत असलेल्या आरशाशी ताडून पाहिलं की फसवणूक कळते.

जाड काच म्हणजे सुरक्षित काच, असं मात्र नाही. साधा आरसा फुटला की लांब, धारदार तुकडे होतात. काच जाड असेल तर ते तुकडेही जड. म्हणून मागच्या बाजूला सेफ्टी फिल्म लावलेला आरसा मागावा. काच तडकली तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात. कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात, निदान कपाटाच्या दारावरच्या आरशाच्या तरी, कारण तिथे हात सारखा लागतो.

चौकट निवडताना आरसा उलटा करून बघा. टांगायच्या कड्या चौकटीच्या लाकडात स्क्रूने बसवलेल्या हव्यात. पाठीमागच्या पातळ प्लायला त्या लावल्या असतील, तर सगळं वजन त्या प्लायच्या बारीक चुकांवर येतं. एमडीएफची चौकट स्वस्त आणि सफाईदार दिसते, पण पावसाळी दमट हवेत तिचे कोपरे फुगतात आणि सांधे उघडतात. कोकणात किंवा बाथरूमलगतच्या भिंतीवर अॅल्युमिनियम किंवा चांगलं लाकूडच बरं.

चौकटीसह दहा किलोचा हा आरसा भिंतीला लावताना एका खिळ्यावर दोरीने टांगू नये. तिरक्या कापाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एक भिंतीला, दुसरी चौकटीला. चौकटीची पट्टी वरून भिंतीच्या पट्टीत अडकते. भिंतीच्या पट्टीला आठ मिलिमीटरच्या गिट्टीत पन्नास मिलिमीटरचे तीन-चार स्क्रू पुरतात, पण गिट्टी गिलाव्यातच न राहता विटेत शिरली पाहिजे. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट लागली. पांढुरकी, मऊ भुकटी आली तर हलक्या ब्लॉकची भिंत आहे आणि तिला त्या ब्लॉकसाठीच्याच लांब गिट्ट्या लागतात. ड्रिल एकदम पोकळीत गेलं तर ती जिप्समची पार्टिशन आहे, तिथे आतल्या पट्टीत स्क्रू घ्यावा लागतो. स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नये, तिथून वायर जाते. शेवटी चौकटीच्या खालच्या कडेला दोन छोटे अँगल लावले, की आरसा वर उचलला जाऊन पट्टीतून सुटत नाही.

कपाटाच्या दाराचा हिशोब वेगळा. अठरा मिलिमीटर प्लायचं, साडेसहा फूट उंच आणि दीड फूट रुंद दारच दहा किलोच्या पुढे असतं. त्यावर आपला चार फुटी आरसा लावला, तर ४ मिलिमीटरची काचही दार सोळा किलोच्या घरात नेते, म्हणून चार बिजागऱ्या हव्यात. पाठ पूर्ण टेकलेली असल्याने इथे ४ मिलिमीटर पुरते. दार झुकतंय, याची पहिली खूण म्हणजे दोन दारांमधली फट वर आणि खाली सारखी न दिसणं.

चिकटवण्यासाठी व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नये. त्यातलं आम्ल आरशाच्या मागचा चांदीचा थर खातं आणि काळे डाग येतात. न्यूट्रल सिलिकॉन उभ्या रेषांत लावावा, म्हणजे मधे हवा खेळते. खाली अॅल्युमिनियमची पट्टी हवीच; नुसत्या दुहेरी टेपवर किंवा गोंदावर वजन सोपवू नये.

आणि कपाट सुटं असेल, तर तेही भिंतीला बांधा. आरशाचं जड दार उघडलं की कपाटाचा तोल पुढे येतो आणि त्यात भरलेला खण ओढला तर आणखी. दोन्ही दारं उघडून, खण बाहेर काढून वरची कड हलक्या हाताने पुढे ओढून बघा. मागचे पाय जराही उचलले गेले, तर ते कपाट अजून बांधायचं आहे.