बाळ-बाळंतिणीची धुरी

धुरी ही नवजात बाळाला व बाळंतिणीला औषधी वनस्पतींचा धूर देण्याची महाराष्ट्रातील एक घरगुती प्रथा होय. मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे परभणी जिल्ह्यातही ती आढळते. बाळाची अंघोळ आटोपली की पेटत्या गोवरीचा निखारा धुपाटण्यात किंवा लहान शेगडीत घेतात. त्यावर ओवा, वेखंड, लसणाची साल, ऊद किंवा धूप टाकून बाळाला त्या धुरावर क्षणभर धरतात, अथवा धुपाटणे पाळण्याखाली ठेवतात. दिवेलागणीला पुन्हा धूप फिरवला जातो. बाळंतिणीच्या बाजेखाली शेकाची शेगडी ठेवण्याची रीतही याच प्रथेचा भाग आहे. बाळंतपण बहुधा माहेरी होत असल्याने सुमारे सव्वा महिना हे सर्व एकाच खोलीत चालते, आणि वारा लागू नये म्हणून त्या खोलीची दारे-खिडक्या बंद असतात. धुरीच्या दुष्परिणामांचा विचार करताना ही बंद खोली धुराइतकीच महत्त्वाची ठरते.

प्रथेमागील कारणे

प्रथेला व्यावहारिक कारणे आहेत. परभणीचा हिवाळा कोरडा असून रात्रीचे तापमान अनेकदा एक आकडी होते. तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळाचे अंग व जावळ लवकर कोरडे व्हावे, त्याला ऊब मिळावी, डास दूर राहावेत आणि दृष्ट लागू नये, अशा अनेक अपेक्षा धुरीत एकवटलेल्या आहेत.

आयुर्वेदाचा आधार या प्रथेला नेहमी दिला जातो. काश्यपसंहितेत धूपांवर स्वतंत्र अध्याय आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड आदी द्रव्ये तुपात मिसळून धूप देण्यास सांगितले आहे. मात्र तो धूप बाळाची वस्त्रे, अंथरुणे व पांघरुणे यांना द्यावयाचा आहे. दुपटी धुपवणे आणि बाळाला धुरावर धरणे या दोन वेगळ्या कृती आहेत. घरोघरच्या रूढीत त्यांची सरमिसळ झालेली दिसते.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हवनसामग्रीच्या तासभराच्या धुराने बंद खोलीतील हवेतले जिवाणू सुमारे ९४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. धुरीच्या समर्थनार्थ हा आकडा पुढे केला जातो. परंतु त्यात मोजले गेले ते जिवाणू. तो धूर श्वासावाटे घेणाऱ्या फुप्फुसांचे काय होते, हा त्या अभ्यासाचा प्रश्न नव्हता.

धूर व खोलीतील हवा

निखाऱ्यावर टाकलेला ओवा किंवा धूप ज्वाळेने जळत नाही, धुमसतो. अशा अपुऱ्या ज्वलनातून अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि डोळे व घसा चुरचुरवणारी अल्डिहाइडे बाहेर पडतात. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण नाकात न अडता फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. द्रव्य औषधी असले म्हणून त्याच्या धुरात हे कण नसतात असे नाही. शिवाय धुरीत द्रव्यापेक्षा गोवरीचा भाग मोठा असतो, आणि गोवरी हे सर्वांत धुरकट इंधनांपैकी एक आहे.

उदबत्तीच्या मोजमापांवरून प्रमाणाची कल्पना येते. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम कण बाहेर पडतात. सिगारेटच्या बाबतीत हे प्रमाण ग्रॅममागे सुमारे १० मिलिग्रॅम आहे. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत साधारण २८ घनमीटर हवा मावते. त्या बंद खोलीत एक ग्रॅम उदबत्तीचा सगळा धूर कोंडला, तर दर घनमीटरमागे सुमारे १,६०० मायक्रोग्रॅम कण होतात. भारतात पीएम २.५ साठी बाहेरील हवेची २४ तासांची सरासरी मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस १५ची आहे. थोड्या वेळाचा आकडा आणि दिवसाची सरासरी यांची थेट तुलना होत नाही, तरी अंतर ध्यानात येते.

यापुढे हवा किती खेळते यावर सारे अवलंबून असते. बंद खोलीतील हवा तासाला एकदा बदलते असे धरल्यास तासाभराने सुमारे ६०० मायक्रोग्रॅम उरतात आणि ६० पर्यंत उतरायला सव्वातीन तास लागतात. समोरासमोरची दार-खिडकी उघडून हवा तासाला सहा वेळा बदलू लागली, तर हेच काम सुमारे अर्ध्या तासात होते. धूर दिसेनासा होणे ही हवा स्वच्छ झाल्याची खूण नव्हे. पसरलेले कण डोळ्यांना दिसत नाहीत, कवडशात तेवढे चमकतात.

बाळ व दम्याचे रुग्ण

नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० श्वास घेते, प्रौढ व्यक्ती १२ ते २०. वजनाच्या मानाने बाळाच्या फुप्फुसात जाणारी हवा, आणि म्हणून धूरही, जास्त असतो. त्याचा श्वासमार्गही अरुंद असतो. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर व्यास निम्मा होतो, पण हवेला होणारा अडथळा सुमारे सोळापट वाढतो. मोठ्या माणसाला नुसता ठसका लागेल तेवढ्या सुजेने बाळाचे दूध पिणे थांबू शकते.

दम्यात श्वासनलिका आधीच संवेदनशील असतात. धुराने त्यांचे स्नायू आकसतात, अस्तर सुजते व चिकट स्राव वाढतो. लक्षणे कधी लगेच, तर कधी काही तासांनी रात्री उमटतात. त्यामुळे संध्याकाळचा धूप आणि पहाटेची धाप यांचा संबंध घरात कुणाच्या लक्षात येत नाही. धूप बंद ठेवून दोन आठवडे रात्रीचा खोकला व पंपाचा वापर नोंदवला, तर तो संबंध पडताळता येतो. डॉक्टरांनी दिलेली नियमित औषधे मात्र या काळात थांबवायची नसतात.

बाजेखालच्या शेगडीचा धोका निराळा आहे. निखारे लाल झाले की धूर थांबतो, परंतु कार्बन मोनॉक्साइड तयार होतच राहतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. खोलीतील एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, भोवळ येऊ लागणे आणि बाहेर गेल्यावर बरे वाटणे ही त्याची ओळख होय. बाळ तक्रार करू शकत नाही. ते केवळ मलूल पडते. अशा वेळी सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत जाऊन १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी लागते.

प्रथेतील बदल

उबेसाठी धुराची गरज नसते. बाळाला पुसून कोरडे करणे, टोपरे घालणे आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घेणे ही ‘कांगारू’ पद्धत कमी वजनाच्या बाळांसाठी रुग्णालयांतही वापरतात. दुपटी उन्हात वाळवता येतात. ती धुपवायचीच असतील तर अंगणात धुपवून, वास विरल्यावर आत आणता येतात. डासांसाठी मच्छरदाणी अधिक भरवशाची आहे. ओव्याचा वास थायमॉल असलेल्या तेलाचा असतो व ते तेल नुसत्या उबेनेही उडते, त्यामुळे वासासाठी ओवा जाळावा लागत नाही. धुरीऐवजी कापूर वापरणे मात्र धोक्याचे आहे. पोटात गेल्यास किंवा अंगाला चोळल्यास त्याने बाळाला झटके येऊ शकतात.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२व्या दिवशी भेट देते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे हा या भेटीचा भाग असतो. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले, तर ते पुन्हा मोजतात. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जात असला किंवा बाळ दूध ओढत नसले, तर त्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवले जाते.